डाळिंबाचा रस आणि बीपीची गोळी

डाळिंबाच्या रसाने रक्तदाब उतरतो, हे खरे आहे. किती उतरतो, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. २००१ साली इस्रायलमधल्या संशोधकांनी उच्च रक्तदाबाच्या १० रुग्णांना दोन आठवडे रोज ५० मिली रस दिला. त्यांचा वरचा रक्तदाब सुमारे पाच टक्क्यांनी कमी झाला. दहा माणसांवरून कुठलाच निष्कर्ष पक्का होत नाही. पण पुढे आणखी चाचण्या झाल्या, आणि २०१७ मध्ये त्यांतल्या आठ एकत्र तपासल्या तेव्हाही वरचा आकडा सरासरी ५ आणि खालचा सुमारे २ अंकांनी घटलेला दिसला.

पाच अंक म्हणजे १४५ चे १४०. हा फायदा खरा आहे, पण गोळी बंद करण्याइतका नाही.

रस काम कसे करतो, हे समजले की औषधांचा प्रश्नही उलगडतो. आपल्या शरीरात एसीई नावाचे एक विकर असते. ते रक्तवाहिन्या आकसवणारा पदार्थ तयार करते. डाळिंबातल्या पॉलिफेनॉल घटकांमुळे या विकराचे काम काहीसे मंदावते, असे त्या दहा रुग्णांच्या रक्तातही दिसले होते. रॅमिप्रिल, एनालाप्रिल या गोळ्या नेमके हेच विकर रोखतात. टेल्मिसार्टन, लोसार्टन त्याच साखळीत एक पायरी पुढे अडवतात. म्हणजे रस आणि गोळी एकाच दिशेने ओढतात.

समजा, साठीतले एक गृहस्थ टेल्मिसार्टन आणि सोबत लघवी वाढवणारी गोळी घेतात. त्यांचा रक्तदाब १२४/७६ वर स्थिर आहे. कुणीतरी सांगितले म्हणून ते रोज मोठा पेलाभर रस पिऊ लागतात. आठवड्याभरात बसून मोजलेला आकडा ११८ येतो आणि घरचे खूश होतात. पण सकाळी अंथरुणातून उठताना त्यांना गरगरते. उभे राहून दोन मिनिटांनी मोजले तर ९६. बसल्यापेक्षा उभ्याने वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त घसरला, तर तो पडण्याचा धोका समजावा. अशा वेळी रस थांबवून डॉक्टरांना आकडे दाखवावेत. गोळी आपल्या मनाने कमी करू नये. म्हणूनच रस सुरू करण्याआधी आठवडाभर आणि नंतर दोन आठवडे रोज ठरावीक वेळी, पाच मिनिटे शांत बसून रक्तदाब मोजावा आणि वहीत लिहावा. उभ्याने मोजलेला आकडाही त्यात असू द्यावा.

या गोळ्यांबाबत आणखी एक धोका आहे, तो पोटॅशियमचा. या औषधांनी शरीरात पोटॅशियम साठू लागते आणि १०० मिली रसात ते २०० मिलिग्रॅमच्या वर असते. मूत्रपिंडे धडधाकट असतील तर ते लघवीवाटे निघून जाते. क्रिएटिनिन वाढलेले असेल किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजचा रस सुरू करू नये. वाढलेल्या पोटॅशियमने हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आणि त्याआधी काही जाणवेलच असे नाही. ते रक्ततपासणीतच कळते.

ग्रेपफ्रूटसारखे डाळिंबही औषधांचे पचन अडवते, असा समज आहे. प्रयोगशाळेत तसे आढळले होते, पण निरोगी माणसांवर मिडाझोलॅम या औषधासह चाचणी केली तेव्हा तो परिणाम दिसला नाही. तरीही रक्त पातळ करणारी वॉरफॅरिन घेणाऱ्यांनी जपावे. एका रुग्ण महिलेने नेहमीचा डाळिंबाचा रस बंद केल्यावर तिचा आयएनआर खाली आल्याची नोंद २००९ साली प्रसिद्ध झाली आहे. एकाच रुग्णाची नोंद हा पुरावा नव्हे. पण वॉरफॅरिनचा डोस इतका काटेकोर असतो, की रस अचानक सुरू किंवा बंद करण्याआधी डॉक्टरांना सांगावे आणि आठवड्याभरात आयएनआर तपासून घ्यावा.

मग रोज किती? बहुतेकांना १०० ते १५० मिली, म्हणजे साधा अर्धा पेला पुरे. याहून जास्त प्यायल्याने रक्तदाब त्या प्रमाणात उतरत जातो, असे ठामपणे दिसलेले नाही. साखर मात्र वाढत जाते. २५० मिली रसात सुमारे ३० ग्रॅम साखर असते, वरून एक चमचाही न घालता. मधुमेह असेल तर रसाऐवजी वाटीभर दाणे चावून खाणे चांगले, कारण दाण्यांतला चोथा साखर रक्तात हळूहळू सोडतो. सोलापूरचा भगवा हाताशी असताना खोक्यातले गोड पेय आणण्याची गरजही नाही. गाडीवरचा रस घेताना साखर नको म्हणायला बरेच जण विसरत नाहीत, पण मीठ-मसाला चालू देतात. रक्तदाबासाठी रस पिणाऱ्याने तोही आधीच नको म्हणावे.