ग्राफिक्स कार्ड बदलण्याआधी : एसएमपीएसचे वॅट आणि कॅबिनेटमधली जागा

डेस्कटॉपचे ग्राफिक्स कार्ड बदलताना मदरबोर्ड फारसा आड येत नाही. पीसीआय एक्स्प्रेस हा स्लॉट २००४ पासून वापरात आहे आणि नव्या पिढीचे कार्ड जुन्या पिढीच्या स्लॉटमध्येही बसते. अडते ते दोन ठिकाणी. कार्डाला लागणारी वीज एसएमपीएस, म्हणजे संगणकाचा पॉवर सप्लाय, देऊ शकतो का, आणि कार्ड कॅबिनेटमध्ये मावते का? कार्ड विकत घेण्याआधी या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एसएमपीएसवरचे लेबल आणि साधी मोजपट्टी यांच्या मदतीने मिळवता येतात.

कार्डाची वीज येते कुठून

मदरबोर्डचा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. जीटीएक्स १०५० टीआयसारखी छोटी कार्डे एवढ्यावर चालतात, म्हणून त्यांच्या अनेक मॉडेलांना वेगळी वायर लागतच नाही. त्याहून मोठ्या कार्डाला उरलेली वीज थेट एसएमपीएसकडून घ्यावी लागते. त्यासाठीच्या सहा पिनांच्या जोडणीची मर्यादा ७५ वॅट आणि आठ पिनांच्या जोडणीची १५० वॅट आहे. अलीकडच्या मोठ्या कार्डांवर सोळा पिनांची छोटी जोडणी असते आणि ती ६०० वॅटपर्यंत वीज वाहू शकते.

कार्ड एकूण किती वीज घेते, हा आकडा उत्पादकाच्या तपशिलात दिलेला असतो. आरटीएक्स ४०६० साठी तो ११५ वॅट आहे, आरटीएक्स ३०६० साठी १७० वॅट आणि आरटीएक्स ४०७० साठी २०० वॅट. त्याच्या शेजारीच एसएमपीएस किती वॅटचा असावा याची शिफारस असते. या दोन आकड्यांची गल्लत होऊ नये. पहिला फक्त कार्डाचा आहे आणि दुसरा संपूर्ण संगणकाचा. दुसरा आकडा मुद्दाम सढळ ठेवलेला असतो, कारण समोरच्या ग्राहकाकडे कोणता प्रोसेसर आणि कोणत्या दर्जाचा एसएमपीएस आहे, हे उत्पादकाला माहीत नसते.

लेबलवरचा खरा आकडा

एसएमपीएसच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत ४५० किंवा ५०० वॅट लिहिलेले असते. ती सर्व व्होल्टेजांची मिळून होणारी क्षमता आहे. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर मात्र जवळपास सगळी वीज १२ व्होल्टच्या वाटेने घेतात. म्हणून कॅबिनेटची बाजूची झडप उघडून एसएमपीएसच्या अंगावरचा तक्ता वाचावा लागतो. त्यात ३.३, ५ आणि १२ व्होल्ट असे रकाने असतात आणि प्रत्येकाखाली अँपिअर दिलेले असतात. १२ व्होल्टच्या रकान्यातल्या अँपिअरना १२ ने गुणले की हवा तो आकडा मिळतो.

समजा, ४५० वॅटच्या एका एसएमपीएसवर १२ व्होल्टखाली ३२ अँपिअर लिहिले आहेत. म्हणजे ३८४ वॅट उपलब्ध आहेत. त्याच ४५० वॅटच्या दुसऱ्या, स्वस्त एसएमपीएसवर २५ अँपिअर असतील, तर हाती फक्त ३०० वॅट उरतात. बाकीची क्षमता ३.३ आणि ५ व्होल्टवर असते आणि आजच्या संगणकात तिचा फारसा उपयोग होत नाही. काही एसएमपीएसवर १२ व्होल्टचे दोन रकाने असतात. अशा वेळी दोन्हींची बेरीज करू नये. त्यांची एकत्रित कमाल मर्यादा लेबलवर वेगळी दिलेली असते आणि ती बेरजेहून कमी असू शकते.

लेबलवरचे ‘८० प्लस’ हे चिन्ह कार्यक्षमतेचे आहे. भिंतीतल्या सॉकेटमधून घेतलेल्या विजेपैकी किती वीज उष्णतेत वाया जाते, हे त्यावरून कळते. ४५० वॅटचा कमी कार्यक्षम एसएमपीएससुद्धा आतल्या भागांना ४५० वॅट देण्यासाठीच बनवलेला असतो. तो सॉकेटमधून मात्र अधिक वीज ओढतो. त्यामुळे क्षमतेच्या हिशेबातून कार्यक्षमतेची टक्केवारी वजा करण्याची गरज नाही.

एका संगणकाचा हिशेब

आता एक नेहमी आढळणारी जुळणी घेऊ. प्रोसेसर इंटेल आय५-१०४००एफ, एसएमपीएस वर सांगितलेला ३८४ वॅटचा, आणि जुन्या जीटीएक्स १०५० टीआयच्या जागी आरटीएक्स ३०६० बसवायचे आहे. या प्रोसेसरवर ६५ वॅट लिहिलेले असले, तरी ती दीर्घकाळच्या वापराची पातळी आहे. थोड्या वेळासाठी तो सुमारे १३४ वॅटपर्यंत जाऊ शकतो, म्हणून हिशेबात मोठा आकडा धरणे योग्य. पंखे, डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यासाठी १२ व्होल्टवर आणखी ३० वॅट धरले, तर १७०, १३४ आणि ३० मिळून ३३४ वॅट होतात. हे ३८४ च्या ८७ टक्के झाले.

कागदावर हे जमते, पण उरलेले ५० वॅट पुरेसे नाहीत. कार्डाचे १७० वॅट ही सरासरी आहे. प्रत्यक्षात त्याची मागणी सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढ्या काळासाठी सरासरीच्या बरीच वर उसळते. २०२० साली आलेल्या आरटीएक्स ३०८० आणि ३०९० या मोठ्या कार्डांच्या वेळी हा त्रास ठळकपणे दिसला. बेरजेत पुरेसे वाटणारे एसएमपीएस खेळ सुरू असतानाच बंद पडू लागले, कारण आतल्या संरक्षक परिपथाला ही उसळी म्हणजे बिघाड वाटत होती. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या मानकात अशा अगदी अल्पकाळच्या उसळ्या सोसण्याची अट घातली गेली. त्याआधीच्या एसएमपीएसकडून मात्र ती अपेक्षा धरता येत नाही. शिवाय वर्षानुवर्षे उष्णतेत राहून त्यातले कपॅसिटर क्षीण होतात. म्हणून १२ व्होल्टवरचा एकूण भार क्षमतेच्या ७५ ते ८० टक्क्यांच्या आत ठेवणे शहाणपणाचे.

याच संगणकात आरटीएक्स ४०६० घेतले, तर बेरीज २७९ वॅट होते, म्हणजे ७३ टक्के. एनव्हिडियाची शिफारस या कार्डासाठीही ५५० वॅटची आहे, तरी एसएमपीएस चांगल्या दर्जाचा, सुस्थितीतला आणि आठ पिनांची वायर असलेला असेल, तर या हिशेबात पुरेसा वाव उरतो. ३०६० च घ्यायचे ठरले, तर ५५० किंवा ६५० वॅटच्या नव्या एसएमपीएसची किंमत कार्डाच्या खर्चात धरावी लागते. कोणते कार्ड स्वस्त, हे ही बेरीज केल्यावरच ठरते.

वायरी

वॅट पुरले तरी योग्य वायर असावी लागते. ग्राफिक्स कार्डाच्या आठ पिनांच्या वायरीचे टोक सहा आणि दोन अशा भागांत सुटते. प्रोसेसरच्या आठ पिनांच्या वायरीचे टोक चार आणि चार असे सुटते. दोन्ही दिसायला सारखी असली, तरी त्यांत १२ व्होल्ट आणि अर्थ यांच्या जागा उलट आहेत. एकीच्या जागी दुसरी जोर लावून बसवली, तर शॉर्ट सर्किट होते.

वायर नसेल तर साटा जोडणीपासून आठ पिना काढून देणारा अडॅप्टर बाजारात मिळतो. तो वापरू नये. साटा जोडणी १२ व्होल्टवर सुमारे ५४ वॅटच देऊ शकते आणि तिच्यावर १५० वॅटचा भार टाकला तर ती वितळण्याचा धोका असतो. एसएमपीएसवर ग्राफिक्स कार्डासाठीची वायर मुळातच नसेल, तर तो तशा कार्डासाठी बनवलेला नाही, असेच समजावे. ज्यांच्या वायरी सुट्या काढता येतात, अशा एसएमपीएसच्या बाबतीत एका कंपनीची वायर दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला लावू नये. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची मांडणी प्रमाणित नसते. टोक बसले तरी चुकीचे व्होल्टेज कार्डात जाऊ शकते.

कॅबिनेटमधले माप

कॅबिनेटच्या तपशिलात कार्डाची कमाल लांबी दिलेली असते, पण ती पुढचे पंखे नसताना मोजलेली असू शकते. म्हणून संगणक बंद करून, वायर काढून प्रत्यक्ष मापावे. मागच्या पत्र्याच्या आतल्या बाजूपासून, कार्ड ज्या उंचीवर बसणार आहे त्याच उंचीवर, समोरच्या पहिल्या अडथळ्यापर्यंतचे अंतर घ्यावे. हा अडथळा हार्ड डिस्कचा पिंजरा असेल, पंखा असेल किंवा पाण्याने थंड करण्याच्या यंत्रणेचा रेडिएटर असेल. साध्या पंख्याची जाडी २५ मिलिमीटर असते. रेडिएटर आणि पंखा मिळून सुमारे ५२ मिलिमीटर जागा जाते.

वरच्या संगणकात पत्र्यापासून पुढच्या चौकटीपर्यंत ३२५ मिलिमीटर भरले, असे समजू. पंख्याचे २५ वजा केले की ३०० उरतात. पण कार्डाच्या उंचीवर डिस्कचा पिंजरा असेल आणि तो २६५ वरच सुरू होत असेल, तर खरे माप २६५ हेच. दोन पंख्यांची बरीच कार्डे २०० ते २५० मिलिमीटर लांब असतात, ती इथे बसतील. तीन पंख्यांची कार्डे ३०० च्या आसपास किंवा त्याहून लांब असू शकतात, ती बसणार नाहीत. पिंजरा स्क्रूवर असेल तर तो काढता येतो, रिव्हेटने ठोकलेला असेल तर नाही. एकाच नावाचे कार्ड वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या लांबीत काढतात, म्हणून माप नेमक्या मॉडेलचेच पाहावे.

दुसरे माप जाडीचे. शेजारच्या दोन स्लॉटमध्ये सुमारे २० मिलिमीटरचे अंतर असते. दोन स्लॉट व्यापणारे कार्ड साधारण ४० मिलिमीटर जाड असते, पण अनेक कार्डे ५० ते ६० पर्यंत जातात. अशी कार्डे खालच्या स्लॉटवर येतात, किंवा मदरबोर्डच्या तळाला लावलेल्या वायरी त्यांच्या पंख्याला घासतात.

तिसरे माप झडपेकडचे. बऱ्याच कार्डांत वीज जोडणी झडपेकडच्या कडेवर असते आणि तिथून वायर वळायला जागा लागते. सोळा पिनांच्या जोडणीबाबत हे फार महत्त्वाचे आहे. २०२२ च्या अखेरीस आरटीएक्स ४०९० च्या काही जोडण्या वितळल्या, तेव्हा टोक पूर्ण आत न गेल्याचे एक मुख्य कारण पुढे आले. म्हणून जोडणीपासून साधारण ३५ मिलिमीटर वायर सरळ जाईल आणि मगच वळेल, एवढे अंतर ठेवावे. झडप वायरीला दाबत असेल, तर ते कार्ड त्या कॅबिनेटसाठी नाही.

कार्यालयांतून निघालेले जुने ब्रँडेड डेस्कटॉप वेगळ्या गटातले आहेत. त्यांतल्या चपट्या मॉडेलांत कमी उंचीच्या, सुमारे आठ सेंटिमीटरच्या पट्टीचेच कार्ड बसते. पूर्ण उंचीची पट्टी सुमारे बारा सेंटिमीटरची असते. अशा यंत्रांचा एसएमपीएस बहुधा २०० ते ३०० वॅटचा आणि कंपनीच्या स्वतःच्या आकाराचा असतो, त्यामुळे दुकानातला एसएमपीएस त्यात बसवता येत नाही. तिथे स्लॉटवरच्या ७५ वॅटवर चालणारे कमी उंचीचे कार्ड हाच सरळ पर्याय उरतो.

बसवल्यानंतरची खूण

वीज कमी पडते आहे का, हे जड खेळ तासभर चालवून कळते. भार वाढताच संगणक एका क्षणात बंद पडला किंवा आपोआप पुन्हा सुरू झाला, तर संशय एसएमपीएसवर घ्यावा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये तेव्हा Kernel-Power 41 ही नोंद सापडते. ती फक्त संगणक नीट बंद झाला नाही एवढेच सांगते, कारण सांगत नाही. पडदा गोठतो किंवा चित्र बिघडते, पण पंखे फिरतच राहतात, तेव्हा ड्रायव्हर, तापमान किंवा कार्ड आधी तपासावे. दोन्हींतला फरक करायचा असेल, तर कार्डाची वीज मर्यादा सॉफ्टवेअरमधून वीस टक्क्यांनी खाली आणून तोच खेळ पुन्हा चालवावा. संगणक बंद पडण्याचे थांबले, तर एसएमपीएसच अपुरा असण्याची शक्यता मोठी. तेव्हा जास्त क्षमतेचा एसएमपीएस बसवावा. जुना उघडून दुरुस्त करू नये, कारण वीज काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरांत घातक भार उरलेला असतो.