लुप्पी हातात का येते?

घाईत पँट वर ओढताना बोट हमखास लुप्पीत जातं. सगळा जोर त्या सेंटिमीटरभर रुंद पट्टीवर येतो आणि एक दिवस लुप्पी हातात येते. तेव्हा आधी फाटलेली जागा नीट बघावी. कापड शाबूत असेल तर नुसता दोरा तुटला आहे. लुप्पीबरोबर कापडही निघालं असेल तर टाका भक्कम होता, कापडच कमी पडलं.

जोर येणारी अशी जागा पक्की करायला शिंपी बारटॅक घालतात. जीन्सच्या खिशाच्या कोपऱ्यावर दिसणारी दाट, आखूड पट्टी म्हणजे तोच. जीन्सवर आधी तांब्याचे रिव्हेट असत. जेकब डेव्हिस या शिंप्याच्या त्या कल्पनेला 1873 मध्ये पेटंट मिळालं. पण मागच्या खिशांचे रिव्हेट खुर्च्यांना आणि घोड्यांच्या खोगिरांना ओरखडे पाडत. शेवटी 1966 च्या सुमारास लिव्हायसने तिथे बारटॅक घातला.

घरच्या झिगझॅग मशीनवर तो जमतो. जाड कापडाला 16 नंबरची सुई आणि पॉलिस्टरचा दोरा घ्यावा. एक सेंटिमीटर लांबीत सरळ टाका दोन-तीनदा पुढे-मागे न्यावा. मग त्यावरून सुमारे दोन मिलिमीटर रुंदीचा, अगदी जवळजवळ पडणारा झिगझॅग फिरवावा. साधं मशीन असेल तर हाताने तीन-चार लांब टाके शेजारी-शेजारी घालावेत आणि त्यांच्यावरून कापडासकट दोरा गुंडाळत जावा.

कापडच फाटलं असेल तर आतून तीन-चार सेंटिमीटरचं घट्ट विणीचं ठिगळ लावावं, म्हणजे ओढ एका रेषेवर न पडता पसरते. नवा बारटॅक जुन्या भोकांपासून थोडा बाजूला घ्यावा. पातळ कापडावर टाके फार दाट पडले तर सुईच्या भोकांची रांग तयार होते आणि पोस्टाच्या तिकिटासारखं कापड तिथूनच सुटतं. शिवण उजेडात ताणून बघावी. भोकं मोठी होताना दिसली तर टाके विरळ करून मागे ठिगळ द्यावं.

नाडीच्या नेफ्यात दुखरी जागा असते ती नाडी बाहेर पडण्याच्या तोंडाची. काज करण्याआधीच आतून बकरमचा तुकडा लावावा आणि काजाच्या दोन्ही टोकांना छोटा बारटॅक द्यावा. नाडी आत ओढली जाऊ नये म्हणून मागच्या मध्यावर नेफ्यासकट तिच्यावरही एक बारटॅक घालावा. नाडीच्या पिशवीला मात्र हा शेवटचा टाका घालू नये, कारण तिथे नाडी सरकायलाच हवी. पिशवी फाटू लागते ती नेफ्याखाली बाजूची शिवण सुरू होते त्या टोकाला. भरलेल्या पिशवीचं तोंड ओढलं की दोन्ही बाजू तिथूनच फाकतात. त्या टोकावर आडवा बारटॅक घातला की ती ओढ खालच्या शिवणीपर्यंत पोचत नाही.