रिकाम्या पुड्यांचं दुकान

स्वयंपाकघरातून आठवडाभरात जेवढी रिकामी पाकिटं बाहेर पडतात, तेवढ्यात पाच वर्षांच्या मुलाचं एक दुकान सहज उभं राहतं. चहाचा खोका, मिठाची पिशवी, बिस्किटांचे पुडे, रव्याचं पाकीट, टूथपेस्टचा लांबट खोका. बाजारात रंगीत प्लॅस्टिकचं दुकान मिळतं, त्यात टोमॅटो, केळी आणि बटणं दाबायचं यंत्रही असतं. पण घरातल्या मिठाची पिशवी मूल रोज पाहतं. ती कुठे ठेवतात, कधी संपते, संपली की कोण कुणाला आणायला सांगतं, हे सगळं त्याला ठाऊक असतं. त्यामुळे ती हातात आली की बोलायला विषय आपोआप सापडतो, आणि या खेळात खरी कमाई बोलण्याचीच असते.

आधी मालाची तयारी. बिस्किटाचा पुडा एका टोकाने हलकेच उघडावा, आतला माल संपला की त्यात वर्तमानपत्राच्या घड्या भरून चिकटपट्टी लावावी. असा पुडा फळीवर उभा राहतो आणि हातात घेतला की खरा वाटतो. दुधाची पिशवी साबणाच्या पाण्याने धुऊन, उलटी टांगून नीट वाळवावी, नाहीतर दुसऱ्या दिवशी दुकानाला वास येतो. तेलाची पिशवी कितीही धुतली तरी ओशट राहते, ती सोडून द्यावी. धारदार कडांचे डबे नकोत. फिनेल, कपड्यांचा साबण आणि औषधं यांची रिकामी पाकिटंसुद्धा दुकानात आणू नयेत. खेळात ओळखीचं झालेलं पाकीट उद्या भरलेलं दिसलं तरी मूल तितक्याच मोकळेपणाने उचलतं.

दहा-बारा पुडे पुरे होतात. त्यांत काही जोडीने असावेत, म्हणजे बिस्किटांचे तीन, मिठाचे दोन असे. प्रत्येक वस्तू एकेकच असेल तर दुकानदाराला ‘किती देऊ?’ असं विचारायला कारणच उरत नाही.

पैशांसाठी चिंचोके उत्तम. एक चिंचोका म्हणजे एक रुपया, एवढाच नियम. पाच वर्षांच्या बहुतेक मुलांना पाचाचं एक नाणं आणि एक-एक रुपयाची पाच नाणी यांत ती पाच नाणीच जास्त वाटतात, कारण ती मोजता येतात आणि दिसतात. म्हणून सुरुवातीला सगळे पैसे एकाच किमतीचे ठेवावेत. पुड्यावर किमतीची चिठ्ठी लावताना आकडा लिहावा आणि त्याखाली तेवढेच ठिपके काढावेत. किंमत पाचापर्यंतच असावी. घरात रांगतं भावंडं असेल, तर चिंचोक्यांऐवजी पुठ्ठ्याच्या मोठ्या चकत्या कापाव्यात, कारण चिंचोका नाकात किंवा घशात जायला वेळ लागत नाही.

आता माणसं. खेळात तीन भूमिका असतात: विकणारा, घेणारा आणि गप्पा मारायला आलेला. तिन्ही सारख्या सोप्या नसतात. दुकानदाराचं काम मुलाला सर्वांत लवकर जमतं, कारण त्याची वाक्यं ठरलेली असतात. ‘या, काय देऊ?’, ‘किती?’, ‘तीन रुपये’, ‘आणखी काही?’ ही मुलाने खऱ्या दुकानात अनेकदा ऐकलेली असतात. शिवाय माल त्याच्या ताब्यात असतो आणि त्याला एका जागी बसायचं असतं. गिऱ्हाईक होणं त्याहून अवघड. आपल्याला काय हवं ते मनात धरायचं, मागायचं, पैसे मोजून द्यायचे, आणि दुसरी वस्तू दिसली म्हणून पहिली विसरायची नाही. गप्पा मारणाऱ्याला तर एकही ठरलेलं वाक्य नसतं. म्हणून पहिल्यांदा मुलाला गल्ल्यावर बसवावं, मोठ्यांनी गिऱ्हाईक व्हावं, आणि घरातल्या तिसऱ्या माणसाने शेजारी बनून नुसतं डोकावावं.

समजा, नात दुकानात बसली आहे आणि आजी पिशवी घेऊन आली.

“या काकू, काय देऊ?”

“अहो, घरी पाहुणे आलेत. चहा करायचाय. काय काय लागेल मला?”

नात चहाचा खोका पुढे ठेवते. मग थोडं थांबून म्हणते, “साखर पण लागेल.”

“बरी आठवण केलीत. साखर केवढ्याला?”

नात ठिपक्यांवर बोट ठेवत जाते. “तीन रुपये.”

आजी एकेक चिंचोका तिच्या तळहातावर ठेवते आणि नात मोजते. मग आजी विचारते, “दूध आहे का?” फळीवर दुधाची पिशवी नसते. नात सगळीकडे बघते आणि म्हणते, “दूध संपलं. उद्या या.”

“पाहुणे तर आत्ता बसलेत. आता काय करू हो?”

इथे नात गप्प होते. आजीही गप्प राहते. मग नात कोपऱ्यातला पिवळा चेंडू उचलते आणि म्हणते, “मग सरबत करा. हे घ्या लिंबू.”

या छोट्या प्रसंगात आजीने केलेल्या दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. तिने वस्तूचं नाव न सांगता अडचण सांगितली. ‘चहा द्या’ म्हटलं असतं तर नातीने खोका उचलून दिला असता आणि व्यवहार तिथेच संपला असता. ‘पाहुणे आलेत, काय लागेल?’ म्हटल्यावर तिला चहा कसा होतो ते डोळ्यांपुढे आणावं लागलं. दुसरं म्हणजे, तिने दुकानात नसलेली वस्तू मागितली आणि नंतर वाट पाहिली. ही वाट पाहणं मोठ्यांना फार जड जातं. मूल दोन-चार क्षण थांबलं की आपण लगेच उत्तर पुरवतो, आणि त्याच क्षणी त्याच्या डोक्यात चेंडूचं लिंबू होत असतं.

मग आजोबा येतात. त्यांना काही घ्यायचं नसतं.

“काय मालकीणबाई, सकाळी दुकान बंद होतं?”

“हो, मी आंघोळीला गेले होते.”

“रात्री केवढा पाऊस झाला! माल भिजला नाही ना?”

“थोडा भिजला. बिस्किटं मऊ झाली. मीठ नाही भिजलं, ते मी वर ठेवलं होतं.”

घेण्या-देण्यात मूल समोर दिसणाऱ्या वस्तूंबद्दल, आत्ताबद्दल बोलतं. आजोबांच्या प्रश्नाने त्याला कालच्या रात्रीत जावं लागलं, न घडलेला पाऊस दुकानात आणावा लागला, आणि मीठ का वाचलं याचं कारण जुळवावं लागलं. ‘झाली’, ‘ठेवलं होतं’ अशी भूतकाळाची रूपं आणि एकामागून एक येणाऱ्या घटना, यांच्यावरच पुढे गोष्ट सांगणं आणि लिहिणं उभं राहतं. म्हणून मला तिसऱ्या माणसाचं मोल या खेळात सर्वांत जास्त वाटतं. घरात दोघंच असतील, तर गिऱ्हाइकानेच पैसे दिल्यावर लगेच न निघता थोडं रेंगाळावं.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की यांनी 1933मध्ये लेनिनग्राडला मुलांच्या खेळावर व्याख्यान दिलं होतं. कल्पनेच्या प्रत्येक खेळात नियम दडलेला असतो, असं त्यांचं म्हणणं होतं. मूल एखादी भूमिका घेतं तेव्हा त्या भूमिकेला शोभेल तसंच वागायचं, हे बंधन ते स्वतःहून पाळतं. दुकान-दुकानमध्ये हे रोज दिसतं. एरवी वस्तू हातातून न सोडणारं मूल दुकानदार झालं की आवडता बिस्किटाचा पुडाही गिऱ्हाइकाला देऊन टाकतं, कारण दुकानदाराने माल द्यायचाच असतो.

खेळ बिघडतो तो बहुधा मोठ्यांमुळे. ‘पाचातून तीन गेले, किती राहिले?’ असं आईने विचारलं की दुकान मोडतं आणि शाळा भरते. हे ओळखायची खूण सोपी आहे. प्रत्येक आकड्यानंतर मूल चिंचोक्यांकडे न बघता आपल्या चेहऱ्याकडे बघायला लागलं, तर खेळाची परीक्षा झाली असं समजावं. मोजण्यात चूक झाली, तरी ती भूमिकेत राहूनच दाखवावी: “अहो, मी दोनच दिले का? साखर तर तीनला आहे ना?” मग दुकानदार पुन्हा मोजतो. मध्येच मूल ‘आजी, तू असं म्हण की तुझे पैसे हरवले’ असं सांगू लागलं, तर खेळ बिघडला असं मात्र समजू नये. ते खेळाबाहेर येऊन पुढचा प्रसंग बांधत असतं, आणि ते काम भूमिका करण्याइतकंच कसाचं आहे.

सुटे परत देण्याची घाई नको. अ‍ॅना एमिलिया बेर्ती आणि अ‍ॅना सिल्व्हिया बोम्बी या इटालियन संशोधकांनी मुलांच्या पैशांविषयीच्या समजुतींचा बारकाईने अभ्यास केला. त्यांना असं आढळलं, की लहान मुलांना दुकानदार उरलेले पैसे परत देतो ते पैसे मिळण्याचं एक ठिकाणच वाटतं. आपण पैसे देतो, तोही देतो, मग दुकानात गेलं की पैसे मिळतात. म्हणून तुमचा दुकानदार तीनच्या साखरेवर तीन रुपये घेऊन चार परत देऊ लागला, तर आनंदाने घ्यावेत. काही आठवड्यांनी मोजणी पक्की झाली की जुन्या दुकानदारांची रीत दाखवता येते. मोठ्यांनी गल्ल्यावर बसायचं, मुलाने तीनच्या साखरेसाठी पाच चिंचोके द्यायचे. साखर हातात ठेवताना ‘तीन’ म्हणायचं, मग एक चिंचोका ठेवून ‘चार’, आणखी एक ठेवून ‘पाच’. यात वजाबाकी लागत नाही, पुढे मोजत गेलं की झालं. नाही जमलं तर गुमान एकेका रुपयावर परत यावं.

पंधरा-वीस मिनिटांत खेळ विरतो, कधी त्याहून आधी. मूल काही दिवस नुसते पुडे लावत बसतं, मोठे मागे आणि छोटे पुढे, किंवा सगळे लाल एकीकडे. तेव्हा गिऱ्हाइकाने घाई करू नये, दुकान लावणं हाही खेळच आहे. उलट तोच व्यवहार भराभर, न बोलता चालू झाला, तर गिऱ्हाइकाने काहीतरी उकरून काढावं: कालची बिस्किटं मऊ निघाली, परत घेणार का? माझ्याकडे पैसे कमी आहेत, उधार द्याल का? उधारीचं नाव निघालं की वही लागते, आणि वहीत काहीतरी लिहावं लागतं.

भूमिका बदलल्या की यादी येते. मुलाने आता गिऱ्हाईक व्हायचं आणि घरून यादी करून आणायची. पहिल्या यादीत बहुतेक चित्रंच असतात, कप म्हणजे चहा, गोल म्हणजे बिस्कीट. पुढे एखाद्या दिवशी मूल चहाचा खोका समोर घेऊन त्यावरचा ‘च’ उतरवून काढतं, उलटा का होईना. दुकानदाराने ती यादी मोठ्याने वाचावी, अडेल तिथे ‘हे काय लिहिलंय हो?’ असं गिऱ्हाइकालाच विचारावं, आणि सांगितलेली वस्तू काढून द्यावी.