गोपकपट्टणाचे आरमार

गोव्याच्या कदंबांचे आरमार म्हटले की आपल्यासमोर राजाज्ञेने बांधलेली नौसेना उभी राहते. परंतु ताम्रपटांतून जे चित्र दिसते ते निराळे आहे. त्या काळी अंगावर आलेल्या प्रसंगी लढावयाचे गलबत आणि एरव्ही माल वाहावयाचे गलबत यांत मोठा भेद नसावा; म्हणून ज्याच्या बंदरात तारवे जमत, त्याच्याच हाती तांडेल, सुतार आणि वल्हेकरी आपोआप येत.

या दृष्टीने इ.स. १०५९ चा पणजी ताम्रपट मोलाचा आहे. कदंब नृपती गुहल्लदेव सोमनाथाच्या यात्रेस समुद्रमार्गे निघाला असता वाटेत त्याच्या जहाजाची डोलकाठी मोडली, गोपक बंदराचा आश्रय घ्यावा लागला, आणि तेथे मदुमद नावाच्या धनाढ्य ताजिक, म्हणजे अरब, व्यापाऱ्याने त्यास साहाय्य केले, असा वृत्तांत त्यात येतो. राजा असूनही त्यास संकटात सौदागराचा हात धरावा लागला! या उपकाराचे फळ मदुमदाच्या नातवास, छडमास, मिळाले: पुढे कदंब नृपती जयकेशी पहिला याने त्यास मोठ्या अधिकारपदावर बसविले, आणि त्याने उभारलेल्या धर्मस्थानाच्या खर्चासाठी बंदरात येणाऱ्या परदेशी व परमुलुखी तारवांवर कर लावण्याची अनुज्ञा दिली. हल्लीच्या भाषेत, बंदराची जकात व्यापाऱ्याच्याच पदरी अंशतः बांधून दिली. असे केल्याने महसूल थोडा सुटला असेल, परंतु अरबी दर्यावर्दी गोपकास धरून राहिला, हा लाभ अधिक होता.

याच जयकेशीने कुशावतीकाठच्या चंद्रपुराहून राजधानी जुवारीच्या तीरावर गोपकपट्टणास आणली. आतल्या लहान नदीपेक्षा जुवारीच्या रुंद मुखात मोठी तारवे सहज येऊ शकत, हे त्यामागचे कारण मला तरी पटते. हा पालट केवळ व्यापारासाठी नव्हता. उत्तर कोकणात ठाण्याचे शिलाहार हे किनाऱ्यावरचे प्रतिस्पर्धी होते. कवडीद्वीपाच्या, म्हणजे उत्तर कोकणाच्या, राजास जयकेशीने मारल्याची फुशारकी कदंबांच्या लेखांत आहे, तर उलट बाजूने कोकण उद्ध्वस्त करणाऱ्यांना हुसकून लावल्याचा दावा शिलाहार अनंतदेवाच्या १०९४ च्या खारेपाटण ताम्रपटात आढळतो. दोन्ही दरबारांच्या स्तुतिपाठकांचे बोल काटछाट करूनच घ्यावे. तरी जेथे घाट, खाड्या आणि अरण्ये फौजेची वाट अडवितात, तेथे गोव्याहून ठाण्यापर्यंत सैन्य नेण्यास समुद्र हाच सरळ रस्ता, एवढे निश्चित.

मात्र या सामर्थ्यास एक उघडी बाजू होती. पावसाळ्यात दर्या बंद, आणि पूर्वेकडे सह्याद्रीचे घाट! चालुक्य सम्राट विक्रमादित्य सहावा याचा सामंत, सिंद वंशीय आचुगी, याने गोवे जाळल्याचे लेखांत नमूद आहे; तो समुद्रावरून आला नव्हता, आणि जुवारीत नांगरलेली तारवे त्यास अडवू शकली नाहीत.