तिसरा मजला, लिफ्ट नाही

आईचा फ्रीज विकायला काढला तेव्हा मी जाहिरातीत एवढंच लिहिलं होतं: ‘सिंगल डोअर फ्रीज, चालू कंडिशन, उत्तम कूलिंग, सदाशिव पेठ.’ दिवसभरात बारा-तेरा फोन आले. धायरीचं एक जोडपं संध्याकाळी छोटा हत्ती घेऊनच आलं. फ्रीज पाहिला, पसंत पडला, पैसे ठरले. मग त्यांचा भाऊ आणि टेम्पोवाला दोघांनी तो उचलला आणि दुसऱ्या मजल्याच्या लँडिंगवर तो अडकला. एकीकडे भिंत, दुसरीकडे लोखंडी कठडा. अर्धा तास खटपट करून तो परत वर आणावा लागला. टेम्पोचं भाडं त्यांच्या अंगावर पडलं, आणि त्याचं मला फार वाईट वाटलं. जिन्याबद्दल मी एक ओळ लिहिली असती तर ही खेप वाचली असती.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या फ्रीज दुरुस्तीवाल्या काकांना बोलावलं. ते म्हणाले, ‘‘वर परत आला ते बरंच झालं. तिथून आडवा करून काढला असता आणि घरी नेऊन लगेच चालू केला असता, तर कॉम्प्रेसर बसला असता. मग फोन तुम्हालाच आला असता.’’ जिना आणि कॉम्प्रेसर यांचा असा थेट संबंध असतो, हे मला तेव्हा कळलं.

फ्रीजच्या मागे खाली जो काळा डबा असतो तो कॉम्प्रेसर. हा डबा पूर्ण सीलबंद असतो. आत स्प्रिंगवर बसवलेली मोटर आणि पंप, आणि तळाशी तेल. फ्रीज उभा असतो तोवर तेल तळाशी राहतं. आडवा केला की ते गॅसच्या नळ्यांमध्ये शिरतं. तशा अवस्थेत चालू केला तर पंपाला तेल कमी पडतं, किंवा गॅसऐवजी तेलच दाबायची वेळ त्याच्यावर येते. म्हणून फ्रीज उभाच न्यायचा. कलता करावा लागलाच तर थोडा, आणि घरी नेल्यावर किमान चार तास तसाच उभा ठेवायचा. पूर्ण आडवा झाला असेल तर एक दिवस थांबलेलं चांगलं.

काकांनी आधी वय बघायला लावलं. बिल सापडलं नव्हतं, आणि आईच्या आठवणीप्रमाणे फ्रीज ‘सात-आठ वर्षांचा’ होता. आतल्या बाजूच्या स्टिकरवर उत्पादनाचं वर्ष निघालं 2014. दारावरच्या स्टार लेबलवरही वर्ष आणि वर्षाला लागणारे युनिट छापलेले असतात, पण ते स्टार त्या वर्षीचे. नियम पुढे कडक होत गेले, त्यामुळे जुन्या फ्रीजचे पाच स्टार म्हणजे आजचे पाच स्टार नव्हेत. वर्षासकट लिहिले तरच घेणाऱ्याला त्यांचा अर्थ लागतो. क्षमतेचंही तसंच. ‘मध्यम साइज’ म्हणून कुणालाच काही कळत नाही. स्टिकरवर 190 लिटर होतं, तेच लिहायचं.

कॉम्प्रेसरची परीक्षा मात्र बराच वेळ खाते, आणि ती विकणाऱ्यानेच आधी करून ठेवावी. कारण घेणारा येतो तेव्हा फ्रीज आधीच गार झालेला असतो आणि हात घालून ‘कूलिंग छान आहे’ एवढंच कळतं. आम्ही फ्रीज रिकामा केला, रात्रभर बंद करून दार उघडं ठेवलं. सकाळी सात वाजता नॉब मधल्या आकड्यावर ठेवून चालू केला. पाच-दहा मिनिटांत कॉम्प्रेसरमधून निघणारी बारीक नळी चांगली तापली. म्हणजे पंप गॅस दाबतोय. तासाभराने फ्रीझरचं दार उघडलं तर आतल्या पत्र्यावर सगळीकडे सारखा बारीक बर्फ धरलेला. काका नेमकं हेच बघत होते. गॅस कमी असला की बर्फ एकाच कोपऱ्यात जमतो, बाकीचा पत्रा कोरडा राहतो आणि कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही. आमचा सव्वादहाच्या सुमारास ‘टक’ करून बंद पडला आणि थोड्या वेळाने आपणहून सुरू झाला.

‘टक’ आवाजातही फरक आहे. तासा-दोन तासांनी एकदा येणारा टक म्हणजे थर्मोस्टॅट आपलं काम करतोय. दर दोन-तीन मिनिटांनी टक, मग क्षणभर घरघर आणि पुन्हा शांतता, म्हणजे कॉम्प्रेसर उचलत नाहीये. कधी नुसता रिले गेलेला असतो आणि स्वस्तात काम होतं, कधी कॉम्प्रेसरच जाम झालेला असतो. इन्व्हर्टर फ्रीजला ही थांबण्याची खूण लावू नये. तो मुद्दामच हळू वेगाने बराच वेळ चालत राहतो.

काकांनी मागे टॉर्च मारला तेव्हा गॅस भरायच्या नळीला जोड दिसला. आईला विचारलं तर 2019 मध्ये गॅस भरला होता. हे लपवायचं नाही, असं मी ठरवलं. अनुभवी माणूस तो जोड बघतोच. शिवाय गॅस भरताना फिल्टरही बदलला होता का, आणि गॅस कुठला घातला, हे त्याला विचारायचं असतं. कॉम्प्रेसरजवळच्या स्टिकरवर गॅसचं नाव असतं. जुन्यात बहुधा आर 134 ए, नव्यात आर 600 ए. दुसरा गॅस पेट घेणारा असतो, आणि एकाच्या जागी दुसरा भरून चालत नाही.

मग मी टेप घेऊन जिन्यात उतरले. फ्रीज 21 इंच रुंद, साडेचोवीस इंच खोल. म्हणजे उभा ठेवून वळवताना कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जवळजवळ 32 इंच जागा हवी. लँडिंग 36 इंचांचं, त्यातले तीन इंच कठड्याने खाल्लेले. उरले 33. त्यात धरणाऱ्याचे हात आणि बोटं कुठे मावणार? धायरीचे लोक अडकले ते या एका इंचापायी. काकांनी वरच्या बिजागरीचे स्क्रू काढून दार वेगळं केलं आणि खोली 22 इंचांवर आली. आता साडेतीस इंचांत वळण होणार होतं. दोन-अडीच इंच मिळाले, पण तेवढे पुरतात. पेठेतल्या कितीतरी जुन्या वाड्यांत लँडिंगच नसतं, तिकोनी पायऱ्यांवरच वळावं लागतं. तिथे फ्रीज कठड्यावरून उचलून घ्यावा लागतो, आणि त्याला दोन नव्हे, तीन माणसं लागतात. (वॉशिंग मशीन फ्रंट लोड असेल तर आणखी जपायला हवं. ड्रम स्थिर राहावा म्हणून त्यात काँक्रीटचं वजन बसवलेलं असतं, त्यामुळे ते साठ-सत्तर किलो भरतं.)

नवी जाहिरात अशी झाली: ‘सिंगल डोअर फ्रीज, 190 लिटर, उत्पादन 2014, बिल नाही. साधा कॉम्प्रेसर, मूळचाच. 2019 मध्ये गॅस भरला आहे. बंद अवस्थेतून चालू केल्यावर तासाभरात पूर्ण फ्रीझरला बर्फ धरतो, सुमारे सव्वातीन तासांनी कट-ऑफ होतो. दाराचं रबर खालच्या कोपऱ्यात सैल. तिसरा मजला, लिफ्ट नाही, 54 पायऱ्या, पाच वळणं, लँडिंग कठडा सोडून 33 इंच. दार काढूनच उतरतो, ते आम्ही काढून ठेवू. दोन माणसं आणा. टेम्पो गल्लीच्या तोंडापर्यंतच येतो, तिथून साठ पावलं. किंमत 4,500, हमाली आणि टेम्पो घेणाऱ्याचा.’

या वेळी फोन तीनच आले. तिघांनीही ‘चालू आहे ना?’ विचारलं नाही. एकाने विचारलं, ‘‘गॅस भरताना फिल्टर बदलला होता?’’ काकांनी नळीवरचा नव्या फिल्टरचा जोड दाखवला होता, म्हणून मला हो म्हणता आलं. रविवारी सकाळी ते दोन हमाल आणि जुनी चादर घेऊन आले. खालचा माणूस ओझं पेलत होता, वरचा पट्ट्याने रोखून धरत होता, आणि प्रत्येक वळणावर फ्रीज उभा करून मगच फिरवत होते. वीस मिनिटांत तो गल्लीत पोहोचला. टेम्पोत उभा करून दोरीने बांधला. दार, बिजागरी आणि स्क्रूंची पुडी मी त्यांच्या हातात दिली आणि सांगितलं की दुपारपर्यंत प्लग लावू नका.