दोन रंग, चार कार्बन आणि अधिक-उण्याची जोडी

काही बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा, हा झाला ग्राफ. प्रत्येक रेषेचं एक टोक तांबडं आणि दुसरं निळं येईल असे बिंदू रंगवता आले, तर तो द्विभागी ग्राफ. ब्युटाडाईनच्या रेणूत चार कार्बन ओळीने जोडलेले असतात, त्यामुळे तो सहज असा रंगवता येतो. आता त्याच्या करामती पाहा.

सुवर्ण गुणोत्तर इथेही!
चार कार्बनवर ओळीने १, १.६१८, १.६१८, १ लिहा. पहिल्याचा एकच शेजारी आहे, १.६१८, म्हणजे स्वतःच्या १.६१८ पट. दुसऱ्याच्या शेजाऱ्यांची बेरीज २.६१८, तीही स्वतःच्या १.६१८ पटच! सगळीकडे सारखी येणारी ही पट म्हणजे आयगेनव्हॅल्यू.

चिन्हं बदला, जोडीदार हजर
फक्त निळ्या कार्बनवरच्या संख्या उणे करा: १, −१.६१८, १.६१८, −१. तांबड्याचे सगळे शेजारी निळे आणि निळ्याचे सगळे तांबडे, म्हणून आता पट येते −१.६१८. उरलेली जोडी ०.६१८ आणि −०.६१८. प्रत्येक द्विभागी ग्राफमध्ये हीच युक्ती चालते, म्हणून शून्याच्या दोन्ही बाजूंचं चित्र अगदी सारखं.

रसायनशास्त्रात १९४० पासून
ह्युकेलच्या पद्धतीत याच संख्यांवरून इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्या मिळतात. त्या मधल्या पातळीच्या वर आणि खाली सारख्याच अंतरावर जोडीने येतात, हे कूलसन आणि रशब्रूक यांनी १९४० मध्ये दाखवलं.

वरची मर्यादा शेजाऱ्यांकडून
चिन्ह सोडून सर्वांत मोठी संख्या ज्या बिंदूवर आहे, तो निवडा. त्याचा कुठलाही शेजारी त्याहून मोठा नाही. शेजारी जास्तीत जास्त तीन असतील, तर त्यांची बेरीज त्याच्या तिपटीपुढे जाणारच नाही! म्हणून आयगेनव्हॅल्यू सर्वाधिक शेजारसंख्येपलीकडे जात नाही. ब्युटाडाईनमध्ये मर्यादा २, प्रत्यक्षात १.६१८. बेंझीनच्या षटकोनात मात्र प्रत्येकाला दोनच शेजारी; सगळीकडे १ लिहा, पट बरोबर २. चिन्हं बदलली की −२.

विषम कडं आलं की जोडी मोडते
त्रिकोण दोन रंगांत रंगवता येत नाही. त्याच्या आयगेनव्हॅल्यू २, −१, −१. अखंड ग्राफ ओळखायची खूण सोपी: सर्वांत मोठ्या संख्येची उणी जोडी सापडली तर तो द्विभागी, नाहीतर नाही.

निळा ॲझुलीन
नॅफ्थॅलीन आणि ॲझुलीन, दोन्हींचं सूत्र C₁₀H₈. नॅफ्थॅलीनमध्ये दोन षटकोन, जोडी शाबूत, रंग नाही. ॲझुलीनमध्ये पाच आणि सात कार्बनांची कडी, म्हणून जोडीचा नियम गळतो. भरलेली सर्वांत वरची पातळी आणि रिकामी सर्वांत खालची पातळी वेगवेगळ्या कार्बनांवर एकवटतात. त्यामुळे इलेक्ट्रॉनाला वर चढायला कमी ऊर्जा पुरते, आणि ॲझुलीन गडद निळा दिसतो.