डबीतलं शिळं सोल्यूशन

अकँथअमिबा नावाच्या सूक्ष्म जीवाने कॉर्नियात, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात, शिरकाव केला की डॉक्टर जे थेंब देतात त्यांत बहुधा पीएचएमबी हे जंतुनाशक असतं. त्याचं प्रमाण ०.०२ टक्के. हेच रसायन कॉन्टॅक्ट लेन्स भिजवण्याच्या अनेक सोल्यूशनांमध्येही असतं, पण तिथे ते साधारण ०.०००१ टक्के, म्हणजे जवळजवळ २०० पट पातळ असतं. लेन्सची काळजी का घ्यायची, ते या फरकातून कळतं.

सोल्यूशन इतकं पातळ ठेवावं लागतं, कारण मऊ लेन्स ते शोषून घेते आणि मग दिवसभर डोळ्यावर बसते. जास्त तीव्र औषध डोळ्याला सोसणार नाही. त्यामुळे त्याची ताकद एका रात्रीपुरतीच असते, तीही आपण निम्मं काम हाताने केलं तर. साबणाने धुऊन कोरड्या केलेल्या हातांनी लेन्स तळव्यावर घ्यायची, सोल्यूशनचे थेंब टाकून दोन्ही बाजूंनी दहा-वीस सेकंद बोटाने हलकेच चोळायची, मग सोल्यूशननेच खळबळायची. बरेचसे जंतू इथेच निघून जातात. उरलेल्यांसाठी बाटलीवर लिहिलेले चार किंवा सहा तास. ‘चोळायची गरज नाही’ असं बाटलीवर छापलेलं असलं, तरी मी चोळाच म्हणेन.

आता बाटली संपत आली म्हणून डबीतल्या कालच्या सोल्यूशनमध्ये थोडं नवं ओतलं, तर काय होतं? समजा कप्प्यात निम्मं जुनं आणि निम्मं नवं आहे. जुन्यातलं बरंचसं जंतुनाशक लेन्सने शोषलेलं असतं, काही अश्रूंतल्या प्रथिनांना चिकटलेलं असतं. म्हणजे औषध अर्ध्याहून थोडंच जास्त, आणि मारायला मात्र कालचे उरलेले जंतू अधिक आजचे नवे. शिवाय डबीच्या तळाशी बुळबुळीत थर धरतो आणि त्याच्या आडोशाने जंतू तग धरतात.

ही नुसती शक्यता नाही. २००६च्या सुमारास सिंगापूर, हाँगकाँग आणि अमेरिकेत फ्युजेरियम बुरशीमुळे लेन्स वापरणाऱ्यांच्या डोळ्यांना जखमा होऊ लागल्या. धागा एका सोल्यूशनपर्यंत पोचला, ‘रिन्यू विथ मॉइश्चरलॉक’. न उघडलेल्या बाटल्यांत बुरशी सापडली नाही. दोष त्या मिश्रणाच्या बुरशीपुढच्या दुबळेपणात होता. तरी अमेरिकेतल्या तपासात हेही दिसलं, की डबीतलं सोल्यूशन पुन्हा वापरणाऱ्यांना धोका अधिक होता. मे २००६मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतलं.

नळाच्या पाण्याची गोष्ट वेगळी. पिण्याला योग्य असलेलं पाणी लेन्सला योग्य नसतं. अकँथअमिबा संकट आलं की स्वतःभोवती दुहेरी कवच करून बसतो, आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरिन त्या कवचापुढे हतबल ठरतं. आपल्याकडे पाणी गच्चीवरच्या टाकीत साठतं, टाकीच्या गाळात त्याला घरच मिळतं. शिवाय अश्रू खारट आणि नळाचं पाणी गोडं, म्हणून लेन्स ते पिऊन फुगते, डोळ्याला घट्ट चिकटते आणि काढताना कॉर्नियावर बारीक ओरखडे उठतात. त्याच ओरखड्यांतून अमिबा आत जातो. म्हणून डबीसुद्धा नळाखाली धुऊ नये. ती सोल्यूशनने खळबळून, स्वच्छ टिश्यूने पुसून उघडी पालथी ठेवावी आणि तीन महिन्यांनी टाकून द्यावी. सलाइनही चालत नाही. त्यात जंतुनाशक नसतं. अंघोळ आणि पोहणं लेन्स काढूनच.

कोरड्या डोळ्यांसाठीचे ओलावा देणारे थेंब लेन्सला वंगण देतात, तिला स्वच्छ करत नाहीत. लेन्स घातलेली असताना ‘लेन्सवर चालतील’ असं लिहिलेलेच थेंब घ्यावेत. बेंझाल्कोनियम क्लोराइड घातलेले थेंब मऊ लेन्स शोषून घेते आणि ते रसायन तासन्‌तास डोळ्याला चावत राहतं. असे थेंब लेन्स काढून टाकावेत आणि निदान पंधरा मिनिटं थांबून मगच लेन्स घालावी.

अमिबाची सुरुवात फसवी असते. एक डोळा लाल होतो, उजेड सहन होत नाही आणि वरून दिसतं त्याच्या मानाने दुखणं फार असतं. ते हर्पीस सिम्प्लेक्स विषाणूच्या संसर्गासारखं भासतं, म्हणून निदान हुकतं. अशा वेळी घरातले स्टिरॉइडचे थेंब घातले तर लाली उतरते आणि अमिबा आत पसरतो. उपचार लांबतात, पहिले काही दिवस रात्रंदिवस तासातासाला औषध, पुढे कित्येक महिने.

तेव्हा डोळा दुखू लागला तर लेन्स लगेच काढा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. लेन्स, डबी आणि सोल्यूशनची बाटली फेकू नका, धुऊही नका, सोबत न्या. डॉक्टरांना लेन्स वापरता हे आधी सांगा. डबीतल्या थेंबाची तपासणी करून प्रयोगशाळेला जंतू ओळखता येतो.